आधी ती कडी परत लाव

मावशी, आम्ही तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझी थोरली मुलगी १४ वर्षांची आहे, तिला बौद्धिक अक्षमता आहे. समज पाच-सहा वर्षांच्या पोरीएवढी, बोलणं दोन-तीन शब्दांचं. दिवाळीनंतर पाळी सुरू झाली. तिचं सगळं मीच करते, तरी पॅड काढून हातात धरून बाहेर येते. मागच्या महिन्यात द्राक्षाचे व्यापारी सोप्यात बसले होते, त्यांच्यासमोर तशीच आली. ओरडलं तर हसते. दोनदा हातही उचलला. मधे एकदा न्हाणीत आतून कडी लावून बसली, म्हणून ह्यांनी कडीच काढून टाकली. सासूबाई म्हणतात, मिरजेला नेऊन पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. तिला लाज कशी शिकवू?

—

लाजेचं नंतर बघू. आधी ती कडी परत लाव.

एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि त्यातली एकुलती एक चांगली बातमी ‘मधे एकदा’ म्हणून उरकून टाकलीस. तुझी लेक आपल्या पायांनी न्हाणीत गेली, दार ओढलं, कडी लावली आणि आत बसली. नुसता खेळही असेल, मी नाही म्हणत नाही. पण अंग बदलायला लागलं की या मुलींनाही दार लावावंसं वाटतं, आणि ते त्यांना बोलून सांगता येत नाही. तिने हाताने सांगितलं. त्यावर घरातल्या शहाण्या माणसांनी काय केलं, तर स्क्रू ड्रायव्हर शोधला.

तुम्हाला भीती वाटली, हे समजतं. आत पडली तर, उघडता आली नाही तर. मग साधा आकडा लावा, खिडकीला असतो तसला. बाहेरून फटीतून पट्टी घालून तो वर उचलता येतो. दार आत उघडत असेल तर सुताराला सांगून बाहेर उघडेल असं करून घ्या, म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडत नाही. तिला फिट्स येत असतील तर मात्र कडी नकोच. नुसतं दार ओढून घ्यायचं, तू बाहेर उभी, आणि पाणी भरलेली बादली घेऊन तिने एकटीने आत बसायचं नाही.

कडीला एवढं का धरून बसलेय ते सांगते. लाज ही हवेतली गोष्ट आहे, ती तिला शिकवता येणार नाही. जागा शिकवता येते. निकर खाली करायची ती न्हाणीत किंवा संडासात, दार लावून. दुसरीकडे कुठेही नाही. हा नियम ती शिकू शकते, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण आज तिचे कपडे सताड उघड्या दारात बदलले जातात, कुणीही डोकावतं, कुणीही हाक मारतं. मग न्हाणी आणि सोपा यांत तिला फरक काय दिसणार? म्हणून दारावर टकटक करायची, आणि हे घरातल्या सगळ्यांनी. तिच्या बापानेही, आणि आई असलीस तरी तूसुद्धा.

आता ती पॅड हातात घेऊन का येते, ते बघ. पॅड ओला झाला, चिकट वाटला, तिने काढला. पुढचं काम कुणाचं? आईचं. म्हणून ती आईला शोधत येते. वाटेत व्यापारी बसलेत याच्याशी तिला काय देणंघेणं? ही निलाजरेपणाची गोष्ट नाही, निरोप आणलाय तिने. आणि ओरडल्यावर हसते ते चिडवायला हसते असं धरून चालू नकोस. घाबरल्यावर हसणारी पुष्कळ मुलं असतात. मारणं मात्र आजपासून बंद. मार खाऊन ती एवढंच शिकेल की रक्त दिसलं की मार बसतो. मग पॅड गादीखाली सापडतील, नाहीतर संडासात कोंबलेले.

शिकवायचं कसं? ‘तिला समजावता येत नाही’ असं मनात असेल तर ते खरंच आहे, कारण हे समजावून होतच नाही. करून होतं. पॅड बदलणं आपल्याला एक काम वाटतं, तिच्यासाठी ती बारा-तेरा कामं आहेत. दार लावायचं, निकर गुडघ्यापर्यंत खाली, जुना पॅड ओढून काढायचा, गुंडाळायचा, कागदात बांधायचा, डब्यात टाकायचा, नवा घ्यायचा, मागचा कागद सोलायचा, निकरला चिकटवायचा, दाबायचा, निकर वर, हात धुवायचे, दार उघडायचं. हे सगळं एकदम सांगितलंस तर ती तिसऱ्या पायरीलाच भांबावेल.

म्हणून शेवटापासून सुरू कर. पहिले काही दिवस सगळं तू कर, फक्त हात धुणं आणि दार उघडणं तिच्याकडे. ते न सांगता व्हायला लागलं की निकर वर ओढणंही तिचं. मग पॅड दाबणं, मग चिकटवणं, असं एकेक पाऊल मागे सरक. याचा फायदा असा की दर वेळी काम तिच्या हातून पुरं होतं आणि लगेच शाबासकी मिळते. सुरुवातीपासून शिकवलं तर ती अर्ध्यावर अडकते आणि शेवट कायम तुझ्याच हातात राहतो.

आणि हे पाळीच्या चार दिवसांत शिकवू नकोस. तेव्हा पोट दुखत असतं, चिडचिड असते, तुझीही घाई असते. कोरड्या दिवसांत, रोज आंघोळीनंतर, एक पॅड. अधूनमधून त्यावर बीटाचा थोडा रस टाक, म्हणजे लाल दिसलं की घाबरायचं नाही, बदलायचं, हे हाताला बसेल. फिक्या रंगाच्या तीन-चार निकर घे, त्यावर पॅड ठेवून मार्कर पेनाने त्याची कड काढ. पॅड त्या रेघेच्या आत बसला की बरोबर. एक चूक हमखास होते, ती आधीच बघून ठेव: मुली पॅड उलटा लावतात, चिकट बाजू अंगाकडे. काढताना केस ओढले जातात, दुखतं, आणि मग पॅड पाहिला की पोरगी पळते. असं झालं की ‘ऐकतच नाही’ म्हणू नकोस, कुठल्या बाजूने लावलाय ते बघ. प्लॅस्टिकचा स्पर्शच सहन होत नसेल तर सुती कापडाचे पॅड किंवा पाळीसाठीची वेगळी निकर मिळते, तीही चालेल.

पॅड भरला की बदल, असं तिला सांगू नकोस. भरला की नाही हे ठरवणं हीच तिच्यासाठी अवघड गोष्ट आहे. दिवसाच्या कामांना बांधून टाक: उठल्यावर, शाळेला निघताना, जेवणानंतर, शाळेतून आल्यावर, झोपताना. भरलेला असो वा नसो, बदलायचा. एक झाकणाचा डबा न्हाणीतच ठेव, शेजारी कागदाचे तुकडे आणि नवे पॅड. तिच्या हातातला पॅड टाकायला आतच जागा मिळाली की तो सोप्यात येण्याचं कारणच उरत नाही. आलीच एखाद्या दिवशी, तर आवाज न चढवता ‘आत, दार लावून’ एवढे तीनच शब्द, आणि खांद्याला धरून परत न्यायचं. रोज तेच शब्द. सासूबाईंनाही सांग, कावळा शिवला वगैरे तिच्यासमोर म्हणायचं नाही. ती खरंच कावळा शोधेल. पाळी म्हणायचं, शाळेतल्या बाईंनीही तेच. गुडघा फुटल्यावरचं रक्त तिला माहीत आहे, म्हणून ‘लागलं नाही, पाळी आहे’ हे सांगायचंच. तुझी पाळी आली की दार लावून एकदा तिला तुझा पॅड बदलताना दाखव. शंभर वेळा सांगण्यापेक्षा ते लवकर कळतं.

उद्या-परवा ती हात निकरमध्ये घालून बसेल, तेव्हा पुन्हा पत्र लिहायची गरज नाही. या वयात ते होतं. तेच तीन शब्द.

आता ज्याने माझी खरी झोप उडते ते. तुझी लेक आज कुणीही ‘चल, बदलूया’ म्हटलं की हात वर करून उभी राहते का? राहत असणार, कारण तिला तसंच वाढवलंय. तिच्या अंगाला मदतीसाठी कोण हात लावू शकतं, त्यांची नावं ठरव. आई, आजी, बस. त्यांचे फोटो न्हाणीत लाव. बाकी कुणी कपड्याला हात लावला तर ‘नको’ म्हणून आईकडे यायचं, हे रोजच्या बदलण्यातच शिकव: मधेच थांब, विचार ‘मदत करू?’, आणि ती ‘नको’ म्हणाली तर खरंच हात मागे घे. घरातल्या ‘नको’ला किंमत नसेल तर बाहेर ते तिच्या तोंडून निघणार नाही.

आता पिशवी. ती काढून रक्त थांबेल, बाकी काहीही थांबणार नाही. छाती वाढेल, केस येतील, मनात जे यायचं ते येईल, आणि वाईट नजरेच्या माणसाला तर उलट वाव मिळेल, कारण दिवस राहण्याची भीतीच गेली. १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मुलींच्या पिशव्या अशाच काढल्या होत्या. कारण हेच दिलं होतं, पाळीची स्वच्छता जमत नाही. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की मूल होण्याची क्षमता जाईल असा कुठलाही उपचार त्या व्यक्तीच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करायचा नाही. सासूबाईंना हे वाचून दाखव. माझं नाव सांग हवं तर.

डॉक्टरकडे मात्र जायचं, पण वेगळ्या कारणासाठी. कॅलेंडरवर पाळीचे दिवस लाल पेनाने खुणव. सुरुवातीची एक-दोन वर्षं तारखा पुढेमागे होतात, त्याने घाबरू नकोस. पण पॅड तासा-दोन तासांत भिजून जात असेल, सात दिवसांच्या वर रक्त जात असेल, किंवा पाळीच्या आधी ती जेवण टाकते, डोकं आपटते, चावते असं दिसलं, तर दाखवायला ने. ती ‘दुखतंय’ म्हणणार नाही, असंच सांगेल. दुखण्यावर आणि जास्त जाण्यावर औषधं आहेत. कॅलेंडर बरोबर ने, फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठीही. आणि डॉक्टर तिच्याबद्दल तुझ्याशी बोलायला लागले की तिलाही शेजारच्या खुर्चीवर बसव, आणि पोटाला हात लावायच्या आधी तिला विचारायला सांग.