समुद्रतळाचं वय काढताना अर्धा वेग घे

समुद्रतळाचं वय काढताना नवखा माणूस बहुतेक वेळा एकाच जागी चुकतो, म्हणून तेवढंच नीट सांगतो. समज, अटलांटिकमधल्या मध्यसागरी पर्वतरांगेच्या माथ्यापासून, म्हणजे जिथे नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकतो तिथून, १० किलोमीटरवर तळाच्या खडकात तो बनतानाच गोठलेली चुंबकीय दिशा पहिल्यांदा उलटलेली दिसली. तिथला तळ सुमारे ७,८०,००० वर्षांचा, कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं तेव्हा पालटलं. भागाकार केलास की वर्षाला साधारण १३ मिलिमीटर येतात. हा अर्धा वेग. दुसरी बाजूही तितकीच सरकते, म्हणून दोन्हीकडचे खंड वर्षाला २६ मिलिमीटरने दुरावतात. वयासाठी हा पूर्ण वेग घेतलास तर वय निम्मंच येईल.

मग उत्तर खोलीशी ताडून बघ. माथा साधारण २,५०० मीटर खोल असतो आणि तळ थंड होईल तसा आकसून खचत जातो. वय दशलक्ष वर्षांत घे, त्याच्या वर्गमुळाला ३५० ने गुण आणि २,५०० मिळव. २५ दशलक्ष वर्षांच्या तळासाठी ४,२५० मीटर येतात. साधारण ७० दशलक्ष वर्षांच्या पुढे मात्र हे सूत्र खोली जास्त दाखवतं. गर्तेजवळ तर ते वापरूच नकोस. मारियाना गर्ता जवळजवळ ११,००० मीटर खोल आहे, कारण तिथे पॅसिफिकचा जुना, जड तळ वाकून पृथ्वीच्या पोटात शिरतोय.