गॅदरिंगचा व्हिडिओ आणि पालकांची सही

प्रश्न: आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार आहोत. मुलं दिसणार म्हणून पालकांची लेखी संमती घ्यायची आहे. चिठ्ठीत काय लिहावं? प्रवेश अर्जावर सही असतेच, ती पुरत नाही का?

नाही पुरत. प्रवेश अर्जावरच्या त्या एका ओळीवरून मी आमच्या मुख्याध्यापकांशी दोन वर्षं भांडले आहे, म्हणून आधी ते सांगते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिकला शिकवत होते. 2018 च्या जूनमध्ये माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आली. दाखला दुसऱ्या जिल्ह्यातला. पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिची आई दाराशी थांबली, बाकीच्या बायका जाईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, हिला फोटोबिटोत घेऊ नका. आम्ही इथं आहोत हे तिच्या वडलांना कळायला नको." दंडावर जुना डाग होता, पदर ओढून तो झाकत होती. मी "बरं" म्हणाले. वहीत टिपलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही. ती चूक माझी आहे आणि ती मला अजून बोचते.

जानेवारीत गॅदरिंग झालं. पोरीच्या हातात लेझीम अशी बसली होती की तिला मागे ठेवणं शक्यच नव्हतं. पहिल्या रांगेत, डोक्याला फेटा. शूटिंगवाल्याने दोन तास चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणून दिला आणि आमच्यातल्या एका सरांनी तो शाळेच्या चॅनेलवर चढवला. मुलांचं कौतुक व्हावं म्हणून व्हिडिओखालच्या माहितीत त्यांनी कार्यक्रमपत्रिकेतली सगळी नावं टाइप केली. आपल्याकडे हजेरीपटावर नाव कसं असतं? मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वर इयत्ता, तुकडी, शाळा, गाव, तालुका. ज्या माणसापासून ती लपून राहत होती त्याचं नाव आम्ही तिच्या पत्त्याला जोडून ठेवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइकवरूनही तेच पूर्ण नाव घेतलं होतं.

बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत एक माणूस गेटवर आला. हातात मोबाइल, त्यावर आमचा लेझीमचा तुकडा. तो त्याच्या भावकीच्या ग्रुपवर फिरत फिरत आला होता. "ही माझी मुलगी, मला भेटायचंय." आमच्या शिपाई मामांनी गेट उघडलं नाही, म्हणून पुढचं टळलं. आईला फोन करून बोलावलं, मुलीला ग्रंथालयात बसवलं. त्या संध्याकाळी व्हिडिओ काढला. पण लोकांच्या मोबाइलमध्ये तो होता तो होताच. फेब्रुवारीत आई दाखला न्यायला आली. मला काही बोलली नाही. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी कपाटातून तिचा प्रवेश अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. शेवटच्या पानावर, फीच्या नियमांखाली ओळ होती: "शाळेच्या उपक्रमांत माझ्या पाल्याचे छायाचित्र वापरण्यास हरकत नाही." खाली सही. "बाई, आपण कायद्याने सुरक्षित आहोत," ते म्हणाले. मी सही पाहिली. ती मुलीच्या आजोबांची होती, आई त्या दिवशी कामावर होती म्हणून. आणि त्या ओळीत यूट्यूब कुठे आहे? आजोबांच्या डोळ्यांपुढे वर्गाचा ग्रुप फोटो आला असेल. जूनमध्ये केलेल्या सहीला जानेवारीचा व्हिडिओ माहीत नसतो. ही संमती नव्हे. प्रवेश हवा असेल तर सही करावीच लागते, तिथे नाही म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

म्हणून चिठ्ठीत ही जागा ठेवा. पुढच्या वर्षी मी भांडून जी चिठ्ठी काढायला लावली, तिचा मधला भाग देते. वरचा "सस्नेह नमस्कार" वगैरे तुमचं तुम्हाला येतंच.

"आपल्या पाल्याचा सहभाग असलेल्या लेझीमचे चित्रीकरण गॅदरिंगच्या दिवशी होईल. त्यातील सुमारे 6 मिनिटांचा भाग शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर जूनअखेरपर्यंत राहील, नंतर काढला जाईल. तो कोणालाही पाहता येईल, उतरवून घेता येईल व पुढे पाठवता येईल. पुढे गेलेला व्हिडिओ शाळेला परत घेता येणार नाही. मुलांची नावे लिहिली वा ऐकवली जाणार नाहीत. माझ्या पाल्याचा चेहरा दिसलेला: चालेल / चालणार नाही. 'चालणार नाही' असे कळवल्यास कारण देण्याची गरज नाही व पाल्याचा कार्यक्रमातील सहभाग तसाच राहील. चिठ्ठी परत न आल्यास 'चालणार नाही' असे समजू. नंतर मत बदलल्यास वर्गशिक्षिकेला चार ओळी लिहून द्या, दोन दिवसांत तो भाग काढू."

यातल्या दोन वाक्यांवर सर्वात जास्त वाद झाला. एक, चिठ्ठी न आल्यास नकार समजणे. मुख्याध्यापकांचं म्हणणं, "न आली म्हणजे हरकत नाही." मी म्हटलं, दप्तराच्या तळाशी चुरगळलेल्या चिठ्ठीला तुम्ही होकार म्हणणार? दुसरं, कारण न विचारणे. ज्या आईला खरंच भीती आहे, ती कारण लिहून देणार नाही. कारणाचा रकाना ठेवलात की ती गप्प बसून "चालेल"वर खूण करेल.

त्या वर्षी लेझीमच्या 24 मुलांपैकी तिघांकडून "चालणार नाही" आलं, दोघांच्या चिठ्ठ्या आल्याच नाहीत. म्हणजे पाच. खरी परीक्षा इथे असते. सोपा मार्ग म्हणजे त्यांना मागच्या रांगेत ढकलणं किंवा नाचातून काढणं. तसं केलंत तर पुढच्या वर्षी कोणी नाही म्हणणार नाही, आणि तुमची चिठ्ठी फक्त कागद राहील. आम्ही पाचही जणांना डावीकडच्या उभ्या ओळीत घेतलं. त्यातली एक मुलगी सगळ्यात पुढे होती. मैदानावर चुन्याची रेघ मारली आणि शूटिंगवाल्या दादांना सांगितलं की यूट्यूबसाठीचा कॅमेरा उजव्या कोपऱ्यातून, रेघेच्या अलीकडचंच घ्यायचं. संपूर्ण कार्यक्रमाचं शूटिंग दुसऱ्या कॅमेऱ्याने झालं. ते शाळेच्या संगणकावर ठेवलं आणि पालकांना शाळेतच पडद्यावर दाखवलं. लेझीममध्ये ओळी दोनदा एकमेकींतून जातात, तिथे ती पाच मुलं उजवीकडे आली. तेवढे चाळीसेक सेकंद कापून टाकले.

चेहरे धूसर करू असं आमच्या सरांचं म्हणणं होतं. यूट्यूबच्या एडिटरमध्ये ती सोय आहे, पण नाचणारं मूल गिरकी घेतं, दुसऱ्याच्या मागे जातं, आणि परत पुढे येतं तेव्हा धूसर ठिपका मागेच राहिलेला असतो. आम्ही एक तुकडा करून पाहिला, थांबवून थांबवून तपासला तर चार ठिकाणी चेहरा उघडा होता. कापणं बरं. कापल्यावर एकदा आवाज बंद ठेवून पूर्ण पाहा, मग एकदा पडद्याकडे न पाहता नुसतं ऐका. नावं कानाने सापडतात. आणि प्रेक्षकांत बसलेली मुलं विसरू नका. शूटिंगवाल्यांना टाळ्या वाजवणारी लहान पोरं टिपायची सवय असते, आणि त्यांच्या पालकांना तुम्ही विचारलेलंच नसतं.

आणखी एक गैरसमज. Unlisted ठेवलं की फक्त पालकच पाहतील असं आमच्या मुख्याध्यापकांना वाटायचं. तो व्हिडिओ शोधून सापडत नाही एवढंच, पण लिंक ज्याच्या हातात त्याला तो दिसतो, आणि पालकांच्या ग्रुपवरून ती लिंक अर्ध्या तासात काका-मावशांपर्यंत जाते. भावकीच्या ग्रुपवर ती जायला किती वेळ लागला असता?

कायद्याचं मी शेवटी सांगते, कारण मी वकील नाही आणि 2019 साली यातलं काही नव्हतं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. त्यात 18 वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि हा भाग त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतो. संमती मोकळेपणाने दिलेली आणि ठरावीक कारणापुरती हवी, ती परत घेणंही देण्याइतकंच सोपं हवं, असं कायदाच म्हणतो. म्हणजे फीच्या नियमांखालची ती ओळ तिथेही टिकणार नाही. संस्थेच्या वकिलाला एकदा चिठ्ठी दाखवून घ्या. आई-वडील वेगळे राहत असतील आणि एक हो, एक नाही म्हणत असेल, तर मी नाही धरते. यावर कोणाचं दुमत असेल तर असो.

निवृत्तीच्या समारंभात आमच्या मुख्याध्यापकांनी भाषणात म्हटलं की बाईंच्या चिठ्ठ्यांनी गॅदरिंगचं काम वाढवलं. वाढलं. वर्गाला दोन दिवस, आणि चुन्याची एक रेघ. ती पाचही मुलं त्या दिवशी नाचली, त्यातली एक तर सगळ्यात पुढे उभी राहून.

चिठ्ठी कधी वाटायची ते राहिलं. तालमी सुरू व्हायच्या आधी. ड्रेपरीचे पैसे भरून झाले, मूल घरी रोज नाच करून दाखवायला लागलं, की मग आई "चालणार नाही"वर खूण करत नाही.