एएम स्टेशन आजूबाजूची जागा का अडवतं?

प्रश्न: एएममध्ये आवाजाप्रमाणे कॅरियरची फक्त उंची बदलते, फ्रिक्वेन्सी तीच राहते. मग एएम स्टेशनला बँडविड्थ कशाला लागते? आणि एफएमला त्याहून जास्त का?

कॅरियरची उंची बदलत नाही. पुस्तकातल्या त्या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चित्राने पिढ्यान्‌पिढ्यांची दिशाभूल केली आहे आणि ते चित्र फळ्यावर काढून मोकळे होणाऱ्यांवर माझा जुना राग आहे.

मी एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. तिथे एक सर वर्गात ठणकावून सांगायचे, की साइडबँड, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना उमटणाऱ्या लहरी, ही त्रिकोणमितीतली हातचलाखी आहे, हवेत एकच फ्रिक्वेन्सी जाते. मुलं मग प्रॅक्टिकलला येऊन मला ऐकवायची, "मॅडम, सर म्हणाले ते फक्त कागदावर असतं." एकदा मी मधल्या सुट्टीत जोडणी करून ठेवली आणि सरांना चहाच्या निमित्ताने आत बोलावलं.

सिग्नल जनरेटर १००० किलोहर्ट्झवर, त्याला १ किलोहर्ट्झच्या सुराचं मॉड्युलेशन. समोर जुना कम्युनिकेशन रिसीव्हर. त्यात मोर्ससाठीचा ५०० हर्ट्झचा अरुंद फिल्टर होता, तो लावला. डिटेक्टर मात्र साधा एएमचाच ठेवला. डायल सावकाश फिरवत नेली. ९९९ वर मीटरचा काटा उठला, पुढे पडला. १००० वर जास्त उठला, पडला. १००१ वर पुन्हा उठला. तीन ठिकाणी तीन लहरी, मधे काही नाही.

खरी गंमत पुढे होती. १००० वर नेमकं थांबलं की काटा भरपूर वर, पण स्पीकर जवळजवळ गप्प. सूर गेला कुठे? सरांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्या लहरीच्या उंचीत असायला हवा होता. ९९९ वर थांबलं तरी गप्प, १००१ वरही गप्प. तिन्ही लहरी आपापल्या जागी ठाम, एकाचीही उंची हलत नाही. रुंद फिल्टर लावून तिघींना एकत्र आत घेतलं, की सूर खणखणीत.

तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या, की आवाज हेलकावे घेतो. प्रत्येक तार मात्र आपल्या जागी स्थिर वाजत असते. हेलकावा दोघींच्या बेरजेत असतो. ऑसिलोस्कोपवर दिसणारं फुगणं-आकसणं तसलंच आहे.

सर म्हणाले, "फिल्टर रिंगिंग करतोय, घंटेसारखा स्वतःच घुमतोय." मी काही न बोलता सूर १ वरून २ किलोहर्ट्झवर नेला. बाजूचे दोन्ही उठाव ९९८ आणि १००२ वर सरकले. फिल्टर तोच, मधली लहर तिथेच. आता फिल्टरच्या रिंगिंगला, मी जनरेटरचं कोणतं बटण फिरवलं हे कसं कळावं? सरांनी चहा संपवला आणि "हे सिलॅबसमध्ये नाही" म्हणून निघून गेले. पुढच्या बॅचलाही तेच शिकवलं.

तर मॉड्युलेशन म्हणजे गुणाकार. आवाजाने कॅरियरला गुणायचं, आणि दोन कोसाइनचा गुणाकार दहावी-बारावीत केलेला असतोच:

cos A · cos B = ½ cos(A − B) + ½ cos(A + B)

यात उंचीबद्दल काही नाही, आहे ते फ्रिक्वेन्सीचं स्थलांतर. मुंबई ब केंद्राची ५५८ किलोहर्ट्झ घ्या. निवेदकाच्या आवाजात शून्यापासून साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचे सूर आहेत असं धरा. गुणाकार हा अख्खा पट्टा उचलून ५५८ च्या शेजारी नेऊन ठेवतो: उजवीकडे ५६२.५ पर्यंत सुलट, डावीकडे ५५३.५ पर्यंत आरशातल्यासारखा उलट. एकूण ९ किलोहर्ट्झ. ही रुंदी कॅरियरने निर्माण केलेली नाही. आवाजाचीच रुंदी आहे, दोनदा मोजलेली. कॅरियर वेगळा दिसतो तो आपण आवाजात एक स्थिर आकडा मिळवून मग गुणतो म्हणून. न मिळवला तर कॅरियर नाहीसा होतो, साइडबँड राहतात. आणि आपल्याकडे मीडियम वेव्हचे चॅनेल ९ किलोहर्ट्झच्या अंतराने आखलेले आहेत, ५५८ चा शेजारी ५६७. म्हणजे तुमचा पट्टा जिथे संपतो तिथे शेजाऱ्याचा सुरू होतो. याहून उंच सूर पाठवले तर ते त्याच्या घरात घुसतात.

विजेचा हिशेबही सांगते, कारण तो ऐकून लोक चमकतात. कॅरियर १०० किलोवॉटचा असेल आणि एका सुराने पूर्ण मॉड्युलेट केला, तर प्रत्येक साइडबँडमध्ये २५ किलोवॉट जातात. १५० पैकी १०० किलोवॉट ज्या लहरीत आहेत तिच्यात निवेदकाचा एक शब्दही नाही. दोन्ही बाजूंना मजकूर एकच असल्याने एक बाजूही पुरते. अमेरिकेत जॉन कार्सन यांनी १९१५ मध्ये याचाच पेटंट अर्ज केला होता, आणि १९२७ मध्ये सुरू झालेली अटलांटिकपारची रेडिओ टेलिफोन सेवा एकाच साइडबँडवर, कॅरियर दाबून चालायची. त्यानंतर १९३० मध्ये अँब्रोज फ्लेमिंग, म्हणजे व्हॅक्यूम डायोड बनवणारे खुद्द फ्लेमिंग, 'नेचर'मध्ये लिहितात की हे पट्टे म्हणजे गणिती कल्पना आहे! आमच्या सरांना निदान संगत चांगली लाभली. फक्त तोवर माणसं लंडनहून न्यूयॉर्कशी त्या 'कल्पने'वर बोलत होती.

घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर काटा स्टेशनवरून अगदी किंचित बाजूला सरकवून बघा. आवाज कमी होण्याआधी कर्कश होतो. कॅरियर फिल्टरच्या कडेला गेलेला असतो आणि एका साइडबँडचे उंच सूर फिल्टरच्या मध्यावर आलेले असतात. हवेत एकच फ्रिक्वेन्सी असती तर नुसता आवाज बारीक झाला असता, पोत बदलला नसता.

आता थोडी सावधगिरी, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये पकडेलच. फुगण्या-आकसण्याचं चित्र खोटं नाही. तिघींची बेरीज खरंच तशी दिसते, आणि साधा डायोड डिटेक्टर त्यावरच चालतो. अरुंद फिल्टरचं उत्तरही त्या बाजूने काढता येतं. १०० हर्ट्झ रुंदीचं साधं ट्यून्ड सर्किट घ्या. त्यातली लहर उतरायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तर १ किलोहर्ट्झचा सूर मिलिसेकंदात एक फेरी पुरी करतो, त्यामुळे चढउतार विसाव्या भागाइतका उरतो. साइडबँडच्या बाजूने गेलात तर मध्यापासून १ किलोहर्ट्झ दूरच्या लहरी तेच सर्किट विसाव्या भागावर आणतं. आकडा एकच येतो. सर हे म्हणाले असते तर मी वाद घातलाच नसता. ते म्हणत होते की दुसरी बाजू अस्तित्वातच नाही.

एफएमचं इथे मावणार नाही. तिथे एकाच सुराला दोन नव्हे, अनेक साइडबँड फुटतात, एवढं धरून चला. व्हायवाला "उंची बदलते, फ्रिक्वेन्सी नाही" असं वदवून घेणारे परीक्षक भेटले तर त्यांना एवढंच विचारा, की सूर १ चा २ किलोहर्ट्झ केल्यावर बाजूचे उठाव का सरकतात. मार्क जातील कदाचित.