हात वर केला की डॉक्टर थांबतात: आदल्या रात्री सांगायची गोष्ट

प्रश्न: आम्ही खानापूरजवळ राहतो. मुलगी दुसरीत आहे, दाढ किडलीय. बेळगावला दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदाच न्यायचंय, पण नाव काढलं की रडते. आदल्या रात्री सांगता येईल अशी एखादी गोष्ट आहे का?

उत्तर: आहे. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या दातांचं काम करते आणि ही गोष्ट पालकांना सांगत आलेय. आधी गोष्टच देते.

सानू दवाखान्यात शिरली तीच आज्जीचा पदर धरून. खुर्ची मोठी, वर दिवा, आणि डॉक्टर बाई फोनवर कन्नडमध्ये बोलत होत्या. तिच्या पोटात गोळाच आला. "आज्जी, घराकडं जाऊया की."

डॉक्टर बाईंनी तिला लगेच खुर्चीवर बसवलं नाही. एक छोटा आरसा तिच्या हातात दिला. "आधी आज्जीचे दात तू बघ." सानूनं बघितले. आज्जीची एक दाढ गायब होती, तिथं नुसती हिरडी.

"आता तुझे मोजूया. शाळेत कन्नड शिकवतात न्हवं?" सानूनं मान हलवली. बाई आरसा फिरवत मोजू लागल्या, "ओंदु, एरडु, मूरु..." तोंड उघडं ठेवूनच सानू मनात पुढचे आकडे म्हणत होती. "इप्पत्तमूरु," बाई थांबल्या. तेवीस. चोविसावा परवाच पडला होता.

मग बाईंनी हवेची पिचकारी आधी सानूच्या तळहातावर सोडली, मग दातावर. दात घासायचं फिरणारं रबर आधी तिच्या नखावर टेकवलं. गुदगुल्या झाल्या. "आता एक ठरवूया. नको वाटलं की डावा हात वर कर. मी थांबते."

दाढेचं काम सुरू झालं आणि सानूनं लगेच हात वर केला. दुखत काहीच नव्हतं, बाई खरंच थांबतात का ते तिला बघायचं होतं. बाईंनी हत्यार बाहेर काढून बाजूला धरलं. "काय झालं?" "काय न्हाई." पुन्हा सुरू. थोड्या वेळानं दाढेत गार कळ आली, पुन्हा हात वर. पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा हात वर करायची गरजच पडली नाही. चमच्यासारख्या बारक्या हत्यारानं मऊ झालेली कीड खरवडून काढली, सिमेंट भरलं. "तासभर या बाजूनं चावायचं न्हाई," बाई म्हणाल्या. सानूनं आज्जीला विचारलं, "मग दुसऱ्या बाजूनं कुंदा चालतोय?"

आता गोष्ट अशी का, ते सांगते. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं, हा क्रम मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना शिकवतातच. पण माझ्या पाहण्यात मुलं खुर्चीत सैलावतात ती हात वर केल्यावर. आपण थांबवलं की काम थांबतं हे एकदा अनुभवलं की मुलं बरंच सहन करतात. म्हणून पहिला हात विनाकारण वर होतो, तो भाग गाळू नका. मोजणीही राहू द्या. आपल्याकडं मराठी शाळेतल्या मुलाला कन्नड डॉक्टर भेटणं रोजचंच आहे. ओळखीचे आकडे कानावर पडले की परकेपणा जातो.

"अजिबात दुखणार नाही" किंवा "सुई देणार नाहीत" असं मात्र सांगू नका. गोष्टीत गार कळ मुद्दाम ठेवलीय. न सांगितलेली कळ आली की मूल पुढचं काहीच ऐकत नाही.

ही गोष्ट लहान किडीची आहे. मुलगी रात्री दुखण्यानं उठत असेल किंवा हिरडीवर फोड, गालाला सूज दिसत असेल, तर कीड बहुधा दाढेतल्या नसेपर्यंत पोचलीय. मग थांबू नका, लवकर न्या. तेव्हा दाढ बधिर करावी लागते, म्हणून गोष्टही बदला: बाई आधी हिरडीवर मलम लावतात, मग टोचल्यासारखं होतं, आणि ओठ झोपी जातो. ओठ जागा व्हायला दोन-तीन तास लागतात, तोवर खायला देऊ नका आणि लक्ष ठेवा. बधिर ओठ मुलं नकळत चावून जखम करून घेतात.

दुधाची दाढ पडणारच आहे म्हणून टाळूही नका. मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावी लागते. आणि तिच्याही मागं सहाव्या वर्षाच्या सुमारास येते ती कायमची दाढ. नेमकी कुठली किडलीय ते डॉक्टरांना आधी विचारा.

शक्यतो सकाळची वेळ घ्या, शाळा करून दमलेलं मूल लवकर रडकुंडीला येतं. आणि वेळ ठरवताना फोनवरच विचारा: "मुलीनं हात वर केला तर थांबाल ना?" नीट उत्तर मिळालं नाही, तर ही गोष्ट तिला सांगू नका, आधी दुसरा दवाखाना बघा.