बेअरिंग कधी मागवायचं? (ईआरपीची गोष्ट)

सर, मी इचलकरंजीत मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात ‘एसएपी एमएम’ या सॉफ्टवेअरचा कोर्स कर, असं सगळे सांगतात. पण ईआरपी म्हणजे नक्की काय आणि ते आलं कुठून, हे कुणीच नीट सांगत नाही. रीऑर्डर पॉइंट, एमआरपी, ईआरपी हे शब्द एकापाठोपाठ येतात. त्यांच्यात नातं काय?

*

कोर्सच्या आधी हा प्रश्न तुला पडला, ते बरं झालं. नातं सांगतो, पण त्यासाठी एक हातगाडी जोडू.

समज, एक कारखाना माल वाहायच्या ट्रॉल्या बनवतो. एका ट्रॉलीला दोन चाकं, एका चाकात दोन बेअरिंग. महिन्याकाठी वीसेक ट्रॉल्या जातात, म्हणजे आठवड्याला सरासरी पाच ट्रॉल्या आणि वीस बेअरिंग. बेअरिंगवाला माल द्यायला दोन आठवडे घेतो. स्टोअरकीपरचा साधा हिशोब असा: दोन आठवड्यांचे चाळीस आणि अडीअडचणीला वीस, म्हणजे साठ. रॅकवर साठ उरले की इंडेंट काढायचा. हा झाला रीऑर्डर पॉइंट. एका वेळी किती मागवावं याचं सूत्र फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलं. ते सूत्र आणि ‘कधी मागवावं’ हा प्रश्न यांची सांगड विल्सनने १९३४ मध्ये घातली. पुढची तीसेक वर्षं कारखाने यावरच चालले. वाण्याच्या दुकानातल्या साबणाला हा हिशोब आजही चोख लागू पडतो, कारण साबण रोज थोडा थोडा खपतो.

बेअरिंग तसं खपत नाही. ट्रॉल्या एकदम लॉटमध्ये जोडल्या जातात. पाच आठवडे बेअरिंगला कुणी हात लावत नाही आणि सहाव्या आठवड्यात एकदम १२० लागतात. रॅकवर ७० आहेत. ७० हे साठापेक्षा जास्त, म्हणून स्टोअरकीपर निवांत. सहाव्या आठवड्यात मात्र पन्नास कमी पडतात आणि लाइन थांबते. स्टोअरकीपरची यात काहीच चूक नाही, त्याने नियम पाळला. चूक आहे ती बेअरिंगचा खप ‘सरासरी’ धरण्यात.

याहून वाईट गोष्ट तुला गणितात दिसेल. एका जोडणीला दहा पार्ट लागतात आणि प्रत्येक पार्ट वेळेला हाताशी असण्याची शक्यता ९० टक्के आहे, असं धर. दहाही एकाच वेळी हाताशी असण्याची शक्यता किती? ०.९ दहा वेळा गुणून बघ, ०.३५ येतं. म्हणजे तीनपैकी जेमतेम एका वेळी काम सुरू होणार. स्टोअर खचाखच भरलेलं आणि तरीही शॉर्टेज लिस्ट लांबलचक, असा देखावा मी पुष्कळ पाहिलाय.

जोसेफ ऑर्लिकी या माणसाने हे नीट उलगडलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावी, जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत होता. त्याचं म्हणणं साधं होतं: गिऱ्हाईक किती ट्रॅक्टर घेईल याचा अंदाज बांधावा लागतो, पण ट्रॅक्टरचं ठरलं की बेअरिंगचा अंदाज कशाला? ते मोजता येतं. पहिल्या मागणीला स्वतंत्र मागणी म्हणतात, दुसरीला अवलंबून असलेली मागणी.

मोजायचं कसं ते बघ. आठव्या आठवड्यात ५० ट्रॉल्या द्यायच्या आहेत. तयार १० पडून आहेत, म्हणून ४० जोडायच्या. जोडणीला एक आठवडा, म्हणजे सातव्या आठवड्यात ८० चाकं हवीत. तयार चाकं २०, उरली ६०. ती जोडायलाही एक आठवडा, म्हणून सहाव्या आठवड्यात १२० बेअरिंग हवेत. रॅकवर ७०, म्हणजे ५० मागवायचे. पुरवठादाराचे दोन आठवडे मागे मोजले की ऑर्डर चौथ्या आठवड्यात टाकायची. हेच एमआरपी, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग.

आता एक गंमत. घाईत कुणी ५० गुणिले २ गुणिले २ म्हणजे २०० आणि त्यातून ७० वजा, असं केलं तर १३० मागवेल. ऐंशी फुकट! कारण तयार ट्रॉल्यांत चाळीस आणि तयार चाकांत चाळीस बेअरिंग आधीच बसलेत. म्हणून वजाबाकी प्रत्येक पायरीवर करायची, शेवटी एकदाच नाही.

हातगाडीला हे पाठकोऱ्या कागदावर जमतं. ट्रॅक्टरला हजारो पार्ट आणि पायऱ्याही बऱ्याच. त्यातून तेव्हाच्या संगणकांत टेपवरची माहिती एकामागोमाग वाचावी लागायची, हवा तो पार्ट मधूनच उघडता येत नसे. आयबीएमने १९५६ मध्ये डिस्क आणली, तेव्हा कुठे हे शक्य झालं. ऑर्लिकीचं पुस्तक १९७५ मध्ये आलं, तोवर अमेरिकेत एमआरपीचा चांगलाच गाजावाजा झाला होता.

पण एमआरपीला एक गोष्ट कळत नाही: मशिन किती आहेत. चाकं जोडायची जागा आठवड्याला चाळीसच काढत असली, तरी ते ६० चाकांचं काम खुशाल लिहून देतं. मग क्षमतेची तपासणी जोडली, कामगार आणि पैसा जोडला; ओलिव्हर वाइटने त्याला एमआरपी टू म्हटलं. तिकडे जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी एसएपी ही सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. तिची मूळ कल्पना हिशोबाची होती: स्टोअरमध्ये माल उतरवून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, केली की खातेवहीत नोंद त्याच क्षणी पडावी, रात्री कुणी पुन्हा टाइप करू नये. खरेदी, उत्पादन, विक्री, हिशोब अशी सगळी कामं एकाच डेटाबेसवर आली, त्याला १९९० मध्ये गार्टनर या संशोधन कंपनीने ईआरपी, म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, हे नाव दिलं. १९९२ चं आर/३ आणि २०१५ चं एस/४ हाना ही एसएपीच्याच घरातली पुढची नावं.

तू कोर्सला बसशील तेव्हा मटेरियल मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक मालाच्या नोंदीत, ‘एमआरपी टाइप’ नावाची एक छोटी चौकट दिसेल. तिथे VB टाकलं तर रीऑर्डर पॉइंट, PD टाकलं तर ऑर्लिकीचा हिशोब. जुनी पद्धत कुणी पुसली नाही. हातमोजे, वेल्डिंग रॉड, कटिंग ऑइल VB वर ठेवतात. बेअरिंग PD वर. ही निवड क्लासमध्ये दोन मिनिटांत संपते, कारखान्यात मात्र तिच्यावरूनच भांडणं होतात.

एक माझा अनुभव. एका कारखान्यात एका असेंब्लीच्या बीओएममध्ये, म्हणजे पार्टच्या यादीत, बेअरिंग दोनऐवजी एक लिहिलं होतं. सिस्टिम दर वेळी निम्मेच मागवायची, शॉपवाले दर वेळी ओरडायचे आणि खरेदीवाले पुरवठादाराला शिव्या द्यायचे. शेवटी आम्ही रॅक मोजला. सिस्टिमपेक्षा माल कमी निघाला, तूट जोडलेल्या नगांच्या बरोबर एकपट. तूट अशी ठरावीक पटीत दिसली की चोरी शोधायच्या आधी बीओएम उघडावा. तुझ्या डिप्लोमाचा उपयोग इथेच होतो: ड्रॉइंग वाचून ‘इथे दोन हवेत’ हे सांगता येणं.

तेव्हा फी भरण्याआधी वरचा हिशोब एक्सेलमध्ये मांड. मग गिऱ्हाइकाला ट्रॉल्या सातव्याच आठवड्यात हव्यात, असं धर. बेअरिंगची ऑर्डर तिसऱ्या आठवड्यात जाईल. आज चौथा आठवडा असेल तर? साठा आणि मागणी दाखवणाऱ्या MD04 या स्क्रीनवर अशा वेळी काय दिसतं आणि त्यावर तू काय करशील, हे क्लासच्या सरांना विचार. त्यांनी उत्तर देताना पुरवठादाराला फोन करण्याची गोष्ट काढली, तर तिथे प्रवेश घे.