प्लॉटची हद्द खुंट्यांनी कशी पक्की करावी?

प्रश्न: एनए प्लॉटवर बांधकाम काढायचंय. बाजू टेपने मोजल्या, नकाशाप्रमाणेच भरल्या. एवढं पुरे का?

उत्तर: नाही. बाजू बरोबर भरूनही प्लॉट तिरका बसू शकतो. ९ × १२ मीटरच्या काटकोनी प्लॉटचे दोन्ही कर्ण १५ मीटर हवेत. एक १५.२० आणि दुसरा १४.८० भरला, तर मागचे कोपरे साधारण २५ ते ३३ सेंटिमीटर बाजूला सरकलेत, म्हणजे एका बाजूला तुम्ही शेजाऱ्याच्या जागेत आहात.

सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द नाही. त्यामुळे आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात ठेवा. मोजणीदार खुणा दाखवेल तेव्हा लगतच्या खातेदारांसमोरच खुंट्या ठोका.

कोपऱ्यावरची खुंटी खोदाईत हमखास उखडते. म्हणून हद्दीच्याच रेषेत, खड्ड्यापासून मीटरभर दूर साक्षीच्या खुंट्या सिमेंटात बसवा. दोरी ताणली की कोपरा परत सापडतो. कंपाउंडच्या भिंतीचा पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. दोरीच्या आत नुसती भिंत नव्हे, पायाची बाहेरची कडही राहिली पाहिजे.