टॉन्सिलमधले पांढरे दाणे: खडे कुठले आणि संसर्ग कुठला?

«ताई, टॉन्सिलच्या घड्यांत पांढरे-पिवळे दाणे अडकलेले दिसतात. कधी खोकताना एखादा बाहेर पडतो, त्याला फार घाण वास येतो. ताप नाही, घसाही तसा दुखत नाही. मेडिकलमधून दोनदा अँटिबायोटिक आणून घेतलं, तरी दाणे परत येतात. हा पू आहे का? माझे काका तोंडाच्या कॅन्सरने गेले, त्यामुळे झोप लागत नाही.» – एक शिक्षिका, वय २९

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून काम करते. तपासणं आणि निदान करणं डॉक्टरांचं काम. त्याच्या आधी आणि नंतर माणसाशी सावकाश बोलणं माझं. या शिक्षिकेची हकीकत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे. ती निवडली, कारण तिच्या एकाच घशात काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही गोष्टी झाल्या: आधी खडे आणि नंतर खरा संसर्ग. दोन्ही वेळा टॉन्सिलवर पांढरंच दिसत होतं.

पहिल्यांदा आली तेव्हा ती तोंडावर रुमाल धरूनच बोलत होती. मोबाइलमध्ये टॉर्च लावून काढलेले घशाचे कितीतरी फोटो होते. फोटो बघण्याआधी मी तिला चार साध्या गोष्टी विचारल्या. थुंकी गिळताना कळ येते का? अंगात कणकण असते का? जबड्याच्या कोपऱ्याखाली दाबलं तर गाठ लागते का, आणि ती दुखते का? दाणा निघून गेल्यावर ती जागा कशी दिसते? गिळताना कळ नाही, फक्त डाव्या बाजूला काहीतरी टोचल्यासारखं वाटतं. कणकण नाही. गाठ हाताला लागत नाही. आणि दाणा पडला की तिथे एक बारीक भोक दिसतं, बाजूची त्वचा नेहमीसारखी गुलाबी. या उत्तरांवरूनच अंदाज बराचसा आला होता, पण तो तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळणं गरजेचं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही टॉन्सिलचा आकार सारखा आहे का ते पाहिलं, मानेच्या दोन्ही बाजू चाचपल्या, जीभ दाबून डाव्या टॉन्सिलच्या कडेला चपट्या पट्टीने हलकेच दाब दिला. त्याबरोबर तांदळाच्या कणीएवढा पिवळसर दाणा अलगद वर आला. तो कापसावर घेऊन तिला दाखवला. बोटाने दाबल्यावर तो चुरला आणि नासलेल्या अंड्यासारखा वास आला. ती लगेच म्हणाली, «हाच तो वास.»

टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. प्रत्येक टॉन्सिलमध्ये साधारण दहा ते वीस खोल चिरा असतात. नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्याच्या खाचांत वाटण बसून राहतं, तसं या चिरांमध्ये अन्नाचे कण, झडलेल्या पेशी आणि चिकट स्राव साचतो. त्यावर जंतू वाढतात आणि लाळेतल्या कॅल्शियममुळे हळूहळू तो गोळा घट्ट होतो. तो म्हणजे टॉन्सिलचा खडा. चिरेच्या तळाशी हवा पोहोचत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जंतू प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात, म्हणून एवढ्याशा दाण्याला इतका उग्र वास असतो. ज्यांना लहानपणी वारंवार टॉन्सिल सुजण्याचा त्रास झाला, त्यांच्या चिरा पुढे जास्त खोल आणि वेड्यावाकड्या राहू शकतात. या शिक्षिकेचंही तसंच होतं.

मेडिकलच्या गोळ्यांनी दाणे का गेले नाहीत, तेही इथेच कळतं. जंतू तिथे असतात, पण त्यांनी शरीरावर हल्ला केलेला नसतो. ते साचलेल्या मळात राहतात. औषधाने आठवडाभर वास थोडा कमी होईल, चीर मात्र जशीच्या तशी राहते आणि पुन्हा भरते. शिवाय दरवेळी अशा गोळ्या घेतल्या, की पोट बिघडतं आणि जंतूंना त्या औषधाची सवय होते.

कॅन्सरची भीती «काही नाही हो» म्हणून जाणारी नव्हती. तिने काकांचं आजारपण जवळून पाहिलं होतं. तेव्हा फरक नेमका सांगितला. खडा आज डावीकडे दिसतो, पडतो, महिन्याभराने दुसऱ्या चिरेत येतो. कॅन्सरची गाठ किंवा व्रण अशी जागा बदलत नाही, आणि दाण्यासारखी चुरून पडत नाही. एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा होत जाणं, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, थुंकीत रक्त, मानेत न दुखणारी टणक गाठ, एकाच कानात टिकून राहणारी कळ, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर वेळ न घालवता तपासून घ्यायचं. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री लावणाऱ्यांनी तर आधीच. एक गोष्ट मात्र तिला मुद्दाम सांगितली: खड्यामुळेही कधी कधी कान दुखल्यासारखा वाटतो, कारण टॉन्सिल आणि कान यांच्याकडे एकाच नसेच्या फांद्या जातात. म्हणून एकट्या कानदुखीवरून घाबरायचं नाही, आणि ती टिकून राहिली तर दुर्लक्षही करायचं नाही.

मग तिने खालच्या आवाजात विचारलं, केसांच्या आकड्याने काढले तर चालतं का? दोनदा काढले होते, एकदा रक्तही आलं होतं. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो. टोकदार वस्तूने जखम झाली तर रक्त चटकन थांबत नाही, आणि जखमेतून जंतू आत शिरायला वाट मिळते. आकडा, टूथपिक, सेफ्टी पिन यांपैकी काहीच घशात घालायचं नाही. न दिसणारे, आत खोल बसलेले दाणे उकरायचे नाहीत. बहुतेक दाणे आपोआप सुटतात, आणि सुटलेला दाणा गिळला गेला तरी काही अपाय होत नाही.

करायचं ते साधं होतं. जेवणानंतर एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करायच्या. नुसतं तोंडात घोळवायचं नाही. मान मागे करून, घशात आवाज येईल अशा गुळण्या, म्हणजे पाणी टॉन्सिलपर्यंत पोहोचतं. रात्री दात घासल्यावर पुन्हा एकदा. दिवसभर वर्गात बोलून तिचं तोंड कोरडं पडायचं, आणि शाळेत पाणी पिणं ती टाळायची. कोरड्या तोंडात मळ जास्त साचतो. म्हणून प्रत्येक तासिकेनंतर दोन घोट पाणी. दही आणि ताक तिने «कफ होतो» म्हणून बंद केलं होतं, ते बंद ठेवायचं कारण नव्हतं.

पुढचा फोन पावसाळ्यात आला. «ताई, परत खडे आलेत, या वेळी खूप आहेत, गुळण्यांनी जात नाहीत.» आवाज बसलेला होता. मी तेच चार प्रश्न विचारले, आणि या वेळी उत्तरं उलटी आली. आदल्या रात्रीपासून १०१ ताप. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना दुखऱ्या गाठी. खोकला आणि सर्दी मात्र नाही. पांढरा भागही चिरेतल्या दाण्यासारखा नव्हता. लालभडक, फुगलेल्या टॉन्सिलवर ठिकठिकाणी पसरलेले ठिपके होते आणि दोन्हीकडे एकदमच आले होते. तिला त्याच दिवशी दवाखान्यात बोलावलं.

हा जंतुसंसर्ग होता. ताप, दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे चट्टे आणि खोकला नसणं, ही चारही लक्षणं एकत्र असतील तर स्ट्रेप्टोकोकस जंतूची शक्यता वाढते. नाक वाहत असेल, खोकला आणि बसलेला आवाज असेल, तर बहुधा विषाणू असतो आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. तिचा बसलेला आवाज मात्र सुजेमुळे होता, हे तपासूनच कळलं. म्हणून फोनवरच्या एका लक्षणावर निकाल द्यायचा नसतो. डॉक्टरांनी औषध दहा दिवसांचं दिलं. तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं आणि तिने उरलेल्या गोळ्यांचं काय करू असं विचारलं. त्यावर मी अजिबात सूट दिली नाही. अर्धवट उपचार झालेल्या स्ट्रेप्टोकोकसच्या घशातून पुढे संधिवाताचा ताप येऊ शकतो, आणि तो हृदयाच्या झडपा खराब करतो. आपल्याकडे हा आजार अजून दिसतो.

याच सुमारास तिला दोन धोक्याच्या खुणाही समजावल्या. एका बाजूलाच तीव्र दुखणं, तोंड पुरतं न उघडणं, लाळ गळणं, तोंडात गरम घास ठेवून बोलल्यासारखा आवाज, हे टॉन्सिलच्या मागे पू साचल्याचं लक्षण आहे. दुसरी खूण करडट, चिकट पापुद्र्याची. हा पापुद्रा खरवडला तर रक्त येतं, आणि सोबत मानही सुजलेली असू शकते. हा घटसर्प असू शकतो, विशेषतः लसीकरण अपुरं असलेल्या मुलांत. या दोन्ही वेळी थेट रुग्णालय गाठायचं. श्वास लागत असेल तर मिनिटभरही थांबायचं नाही.

संसर्ग बरा झाला, खडेही कमी झाले, पण «वास येतो» ही तक्रार राहिली. हातावर श्वास सोडून हुंगायची तिची सवय होती, आणि त्यावरून काहीच कळत नाही. आपल्या वासाची आपल्या नाकाला सवय झालेली असते, आणि धास्ती असली की नसलेलाही वास जाणवतो. म्हणून मी तिला म्हटलं, घरात ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला वेगवेगळ्या वेळी स्पष्ट विचार. तिने बहिणीला विचारलं. सकाळी उठल्यावर वास होता, दुपारी जवळजवळ नव्हता. तोंडाच्या दुर्गंधीचं कारण बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि हिरड्या हेच असतं. तिच्या जिभेवर जाड पांढरा थर होता आणि खालच्या दातांमागे कीटण. दंतवैद्याकडे दात साफ करून घेतले, रोज जीभ मागपासून खरवडायला सुरुवात केली, आणि मग तक्रार उरली ती अधूनमधून पडणाऱ्या एखाद्या दाण्यापुरती.

टॉन्सिल काढून टाकावेत का, हेही तिने विचारलं. खड्यांसाठी हा शेवटचा मार्ग. ऑपरेशननंतर घसा दहा-पंधरा दिवस चांगलाच दुखतो, मोठ्या माणसांना लहान मुलांपेक्षा जास्त, आणि त्या काळात रक्तस्राव होण्याची शक्यता असते. वर्षभरात अनेकदा ताप येऊन टॉन्सिल सुजत असतील, किंवा सगळं नीट करूनही खड्यांनी रोजचं जगणं अडत असेल, तर त्याचा विचार होतो. तिला सहा महिन्यांनी पुन्हा बघू असं डॉक्टरांनी सांगितलं. शाळेत ती आता रुमाल न धरता शिकवते.